ऑक्सिजन पॅरामॅग्नेटिक का? एमओ थिअरीने तीन मार्कांत कसं लिहायचं

धायरी_फाटा
नमस्कार, मी एफवायबीएससीला आहे, पुण्यातच. येत्या आठवड्यात इनऑरगॅनिकचा पेपर आहे आणि एक प्रश्न दरवेळी येतोच, की एमओ थिअरीच्या आधारे ऑक्सिजनचं पॅरामॅग्नेटिझम स्पष्ट करा. तीन मार्क. जागा म्हणाल तर सात-आठ ओळी, जास्तीत जास्त एक छोटी आकृती. माझ्या नोट्समध्ये एमओ थिअरीची गृहीतकं, LCAO, बाँडिंग अँटीबाँडिंगचा आलेख, सगळं मिळून दोन पानं होतात आणि त्यातलं काय ठेवायचं काय टाकायचं तेच कळत नाहीये. पेपर इंग्रजीत लिहायचाय पण आधी मराठीत नीट डोक्यात बसलं की मला लिहिता येतं. मी आत्ता असं लिहिलंय, बघून सांगाल का कुठे कमी पडतंय?

"ऑक्सिजन अणूचा अणुक्रमांक ८ आहे. O₂ मध्ये १६ इलेक्ट्रॉन असतात. बाँडिंग ऑर्बिटलमध्ये १० आणि अँटीबाँडिंगमध्ये ६ इलेक्ट्रॉन जातात. बाँड ऑर्डर = (१० − ६)/२ = २. म्हणून ऑक्सिजनमध्ये डबल बाँड असतो आणि तो पॅरामॅग्नेटिक असतो."

पेठेतला_अभ्यासू
अगं एवढं लांबड लावायची गरजच नाही. ऑक्सिजनच्या अणूत 2p⁴ असतात, म्हणजे हुंडच्या नियमाने दोन अनपेअर्ड इलेक्ट्रॉन. दोन अनपेअर्ड म्हणजे पॅरामॅग्नेटिक. संपलं. एवढं लिहून मागच्या वर्षी माझ्या मित्राला मार्क मिळालेत.

मुळाकाठ
@धायरी_फाटा, तुझ्या उत्तरातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, पण शेवटच्या वाक्यातल्या 'आणि'च्या दोन्ही बाजूंचा एकमेकांशी संबंधच लागत नाही. बाँड ऑर्डर २ आहे म्हणून पॅरामॅग्नेटिक, असं होत नाही. C₂ ची बाँड ऑर्डरही २ येते आणि तो डायमॅग्नेटिक आहे. पेपर तपासताना मी नेमकी हीच उडी शोधायचे. आकडेमोड बरोबर, उत्तर बरोबर, आणि मधलं कारण गायब.

@पेठेतला_अभ्यासू, अणूत दोन अनपेअर्ड आहेत हे खरंच आहे, पण प्रश्न रेणूचा आहे. तुमचा नियम नायट्रोजनला लावून बघा. N अणूत तीन अनपेअर्ड इलेक्ट्रॉन, म्हणजे N₂ ऑक्सिजनपेक्षाही जोरात चुंबकाकडे ओढला जायला हवा. प्रत्यक्षात N₂ डायमॅग्नेटिक आहे, कारण बाँड तयार होताना तिघांच्याही जोड्या लागतात. मग ऑक्सिजनच्या दोघांच्या जोड्या का लागत नाहीत, हाच तर प्रश्न आहे. अणूकडे बोट दाखवून तो सुटत नाही.

धायरी_फाटा
मॅडम हे नायट्रोजनचं लक्षातच आलं नव्हतं. मग मधलं कारण म्हणजे नक्की काय लिहायचं?

मुळाकाठ
आधी भरून बघूया, हाताने. १६ इलेक्ट्रॉन घे आणि खालून वर भरत जा. σ1s मध्ये दोन, σ*1s मध्ये दोन, चार झाले. σ2s आणि σ*2s मध्ये दोन-दोन, आठ झाले. σ2pz मध्ये दोन, दहा. मग दोन π ऑर्बिटल, π2px आणि π2py, दोघांत मिळून चार, चौदा. इथपर्यंत प्रत्येक ऑर्बिटल पूर्ण भरलंय आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनला जोडीदार आहे. इथे थांबलो असतो तर तो N₂ झाला असता, चौदा इलेक्ट्रॉनवाला, सगळे जोडीने.

आता हातात दोन उरले. त्यांच्यासाठी पुढची जागा π*2px आणि π*2py. या दोन्हींची ऊर्जा अगदी सारखी आहे, कारण बाँड z दिशेला आहे आणि त्या बाँडकडे बघता x आणि y मध्ये काहीच फरक नाही. सारख्या ऊर्जेच्या दोन जागा आणि दोन इलेक्ट्रॉन असले की हुंडच्या नियमाने दोघं वेगवेगळ्या जागी, सारख्याच स्पिनने बसतात. झाले दोन अनपेअर्ड. तुझं मधलं कारण म्हणजे एवढंच, 'शेवटचे दोन इलेक्ट्रॉन सारख्या ऊर्जेच्या दोन π* ऑर्बिटलमध्ये एकेक जातात'. हे वाक्य तुझ्या उत्तरात नाहीये, आणि तीनातला निदान एक मार्क माझ्या मते त्याचाच आहे.

कॉन्फिगरेशन असं लिही, आणि बरोबरच्या खुणा विसरू नकोस:

```
O2 (16 e-):
(σ1s)2 (σ*1s)2 (σ2s)2 (σ*2s)2 (σ2pz)2
(π2px)2 = (π2py)2  (π*2px)1 = (π*2py)1
```

ती शेवटची बरोबरची खूण म्हणजे दोन्हींची ऊर्जा सारखी आहे हे तुला माहीत असल्याचा पुरावा. बरीच मुलं (π*2px)2 (π*2py)0 लिहितात आणि खाली 'पॅरामॅग्नेटिक' लिहून मोकळी होतात. वर जोडी लावलीय आणि खाली अनपेअर्ड म्हणतायत, म्हणजे पाठ केलंय हे लगेच दिसतं.

सोनचाफा
माझा मुलगा अकरावीला आहे म्हणून वाचतेय. मला वाटायचं ऑक्सिजन चुंबकाकडे जातो तो रक्तातल्या लोहामुळे, हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं ना? म्हणजे उत्तरात लोहाचा उल्लेख पाहिजे का?

मुळाकाठ
@सोनचाफा ताई, नाही, इथे नुसत्या ऑक्सिजन वायूबद्दल विचारलंय, त्यात लोह कुठेच नाही. पण तुम्ही काढलेली गोष्ट आहे मात्र मजेची. बिनऑक्सिजनचं हिमोग्लोबिन पॅरामॅग्नेटिक असतं आणि ऑक्सिजन चिकटला की ते डायमॅग्नेटिक होतं. १९३६ मध्ये पॉलिंग आणि कोरियेल यांनी हे मोजून दाखवलं होतं. म्हणजे तिथे ऑक्सिजनचे अनपेअर्ड इलेक्ट्रॉन लोहाबरोबरच्या बाँडमध्ये गुंततात, उलटाच परिणाम. मुलाला मोठेपणी आवडेल, परीक्षेच्या उत्तरात मात्र नको.

भोसरीकर
मी केमिस्ट्रीवाला नाही, इन्स्ट्रुमेंटेशनवाला, पण या विषयावर माझा रोजचा पगार चालतो म्हणून लिहितो. आमच्याकडे प्लँटमध्ये ऑक्सिजन अ‍ॅनालायझर आहे तो याच गुणावर चालतो. आत काचेचा छोटा डंबेल असतो, त्याच्या दोन्ही गोळ्यांत नायट्रोजन भरलेला, आणि तो बारीक तारेवर टांगलेला असतो चुंबकाच्या अशा जागी की जिथे फील्ड एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी. सॅम्पल गॅसमध्ये ऑक्सिजन आला की तो जोरदार फील्डकडे ओढला जातो आणि डंबेलला बाजूला ढकलतो, डंबेल फिरला की त्यावरच्या आरशावरून पडणारा प्रकाश सरकतो, आणि त्याला परत जागेवर आणायला किती करंट लागला त्यावरून ऑक्सिजनचे टक्के कळतात. नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, आर्गॉन, यांचा जवळजवळ काही त्रास होत नाही कारण ते चुंबकाला जुमानतच नाहीत. त्रास होतो तो नायट्रिक ऑक्साइडचा, तो सॅम्पलमध्ये असला की रीडिंग चुकतं. आणि सेलचं तापमान एका जागी बांधून ठेवावं लागतं, नाहीतर ऑक्सिजन तेवढाच असूनही आकडा हलतो. हे दोन्ही का होतं ते मला कुणी सांगेल का, मॅन्युअलमध्ये फक्त 'टाळा' असं लिहिलंय.

रसायनखोर
काका भारी. मी एमएससी करतोय. NO मध्ये एकूण १५ इलेक्ट्रॉन, म्हणजे N₂ पेक्षा एक जास्त आणि O₂ पेक्षा एक कमी. तो पंधरावा एकटाच π* मध्ये जातो, त्याला जोडीदार नाही, म्हणून NO पण पॅरामॅग्नेटिक, आणि तुमच्या डंबेलला तो ऑक्सिजनसारखाच वाटतो. तापमानाचं असं, की उष्णतेमुळे रेणूंच्या छोट्या छोट्या चुंबकांची दिशा विस्कटत राहते, तापमान वाढलं की विस्कट जास्त आणि ओढ कमी. क्युरीचा नियम म्हणतात तो हाच.

भोसरीकर
बरं झालं सांगितलंस, आता नवीन पोरांना नीट समजावता येईल.

रसायनखोर
@धायरी_फाटा, मला वाटतं उत्तरात एक ओळ लुईस स्ट्रक्चरवर हवीच. प्रश्न 'एमओ थिअरीच्या आधारे' असं का म्हणतो, कारण O=O असं काढलं की सगळे इलेक्ट्रॉन जोडीने येतात आणि रेणू डायमॅग्नेटिक दिसतो, प्रत्यक्षात द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये अडकून राहतो. मी एका डेमोत बघितलंय ते, फिकट निळा द्रव, −१८३ अंशाच्या आसपासचा, दोन ध्रुवांमध्ये चिकटून बसतो आणि उकळत उकळत तिथेच संपतो. त्याच फटीतून आधी द्रव नायट्रोजन ओतला होता तो सरळ खाली पडून गेला.

पेठेतला_अभ्यासू
मग लुईस स्ट्रक्चरमध्येच दोन इलेक्ट्रॉन सुटे ठेवायचे की, ·O–O· असं. प्रत्येक ऑक्सिजनवर एकेक अनपेअर्ड. पॅरामॅग्नेटिक झालं, एमओ कशाला लागतं?

मुळाकाठ
हा प्रश्न चांगला विचारलात, कारण सगळी गंमत इथेच आहे. तुम्ही काढलंत त्यात दोन अनपेअर्ड मिळाले खरे, पण बाँड सिंगल झाला. आणि ऑक्सिजनमधला बाँड सिंगल नाही हे मोजून माहीत आहे. O₂ मधलं दोन अणूंतलं अंतर १२१ पिकोमीटर आहे, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये खरोखरचा O–O सिंगल बाँड आहे तिथे ते १४७ च्या आसपास आहे. O₂ तोडायला मोलला ४९८ किलोजूल लागतात, पेरॉक्साइडचा O–O त्याच्या निम्म्यापेक्षाही कमीत तुटतो. म्हणजे कागदावर रेघा काढताना तुम्हाला निवड करावी लागते, एकतर डबल बाँड घ्या आणि अनपेअर्ड सोडा, नाहीतर अनपेअर्ड घ्या आणि डबल बाँड सोडा. प्रयोग म्हणतो दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

एमओमध्ये दोन्ही एकाच भरणीतून येतात. आतले 1s आणि 2s चे बाँडिंग-अँटीबाँडिंग एकमेकांना खोडून टाकतात, ते बाजूला ठेवा. 2p पासून आलेल्यांत बाँडिंगमध्ये सहा, अँटीबाँडिंगमध्ये दोन, वजाबाकी चार, भागिले दोन, बाँड ऑर्डर २. आणि जे दोन अँटीबाँडिंगमध्ये आहेत तेच ते अनपेअर्ड. म्हणजे ज्या दोन इलेक्ट्रॉनांनी तीन बाँडचे दोन केले, त्याच दोघांनी रेणूला चुंबकाकडे ओढलं. लेनार्ड-जोन्सने १९२९ मध्ये हे मांडलं तेव्हा एमओची बाजू भक्कम झाली ती यामुळेच. आणि म्हणून, धायरी_फाटा, तुझी बाँड ऑर्डरची ओळ टाकू नकोस. ती पॅरामॅग्नेटिझमचं कारण नाही, पण 'डबल बाँड आणि अनपेअर्ड, दोन्ही' असं तिला जोडलंस की ती जागेवर बसते.

धायरी_फाटा
म्हणजे ते इलेक्ट्रॉन अँटीबाँडिंगमध्ये आहेत हे खरंच कशावरून? आम्ही आकृती काढली म्हणून मानायचं?

मुळाकाठ
एक काढून बघायचा. O₂ मधून एक इलेक्ट्रॉन काढला की O₂⁺ होतो. तो इलेक्ट्रॉन बाँडला धरून ठेवणारा असता तर बाँड सैल पडून लांब झाला असता. प्रत्यक्षात अंतर १२१ वरून ११२ पिकोमीटरवर येतं, बाँड आखूड आणि मजबूत होतो. म्हणजे गेलेला इलेक्ट्रॉन बाँडच्या विरोधातच होता. एमओचा हिशोबही २.५ च सांगतो. उलट दोन इलेक्ट्रॉन वाढवून पेरॉक्साइड आयन केला की दोन्ही π* भरतात, बाँड ऑर्डर १ आणि अनपेअर्ड शून्य, म्हणून Na₂O₂ डायमॅग्नेटिक. मधला सुपरऑक्साइड, KO₂ वाला, एक अनपेअर्ड घेऊन पॅरामॅग्नेटिकच राहतो. हा उपप्रश्न म्हणून येऊ शकतो, तयार ठेव.

नीरा_कालवा
मी पण एफवायलाच आहे, माझ्या डोक्यात वेगळाच गोंधळ आहे. मी N₂ ची ऑर्डर पाठ केली, त्यात आधी π2p मग σ2pz. ऑक्सिजनला तीच लिहिली तर मार्क जातात का?

रसायनखोर
पॅरामॅग्नेटिझमच्या युक्तिवादाला काही फरक पडत नाही. σ आधी का π आधी, दोन्ही पूर्ण भरलेत, शेवटचे दोन π* मध्येच जाणार. पण ऑर्डर म्हणून ते चूकच. B₂, C₂, N₂ पर्यंत 2s आणि 2p ऊर्जेने जवळ असतात, ते एकमेकांत मिसळतात आणि σ2pz वर ढकललं जातं. ऑक्सिजनपर्यंत येता येता 2s खूप खाली गेलेलं असतं, मिसळणं कमी पडतं, σ2pz परत खाली. ही ऑर्डर कुठे जीव घेते माहितीये? B₂ मध्ये. तिथे आठ इलेक्ट्रॉन भरून झाल्यावर दोन उरतात, π आधी धरलं तर एकेक बसून पॅरामॅग्नेटिक, σ आधी धरलं तर जोडीने बसून डायमॅग्नेटिक. प्रत्यक्षात B₂ पॅरामॅग्नेटिक आहे.

माझ्या मते तपासणाऱ्याने ऑक्सिजनच्या या प्रश्नात ऑर्डरसाठी मार्क कापू नयेत, कारण विचारलेल्या गोष्टीला धक्का लागत नाही.

मुळाकाठ
इथे माझं मत वेगळं आहे. कॉन्फिगरेशन हे उत्तराचं अंग आहे आणि ते चुकलं तर अर्धा मार्क तरी जावा. वाचणाऱ्याला युक्तिवाद कळतो म्हणून चुकीचं लिहिलेलं बरोबर होत नाही.

रसायनखोर
मॅडम, तीन मार्कांच्या प्रश्नात अर्धा मार्क म्हणजे खूप झाला हो. कारण बरोबर आहे, अनपेअर्ड बरोबर आहेत, बाँड ऑर्डर बरोबर आहे, मग कापायचं कशाचं?

नीरा_कालवा
दोघांचं वाचून मी ठरवलं की ऑक्सिजनला σ आधीच लिहायचं, विषय संपला :)

धायरी_फाटा
सगळ्यांचं वाचून परत लिहिलंय, बघा:

"लुईस रचनेनुसार (O=O) ऑक्सिजनमधले सगळे इलेक्ट्रॉन जोडीने आहेत, म्हणून तो डायमॅग्नेटिक असायला हवा. पण द्रव ऑक्सिजन चुंबकाकडे आकर्षित होतो. एमओ थिअरीनुसार O₂ मधले १६ इलेक्ट्रॉन असे भरतात: [वरचं कॉन्फिगरेशन]. पहिले १४ इलेक्ट्रॉन जोडीने असतात. उरलेले २ इलेक्ट्रॉन सारख्या ऊर्जेच्या π*2px आणि π*2py मध्ये हुंडच्या नियमानुसार एकेक, समान स्पिनने जातात. या दोन अनपेअर्ड इलेक्ट्रॉनांमुळे O₂ पॅरामॅग्नेटिक आहे. बाँड ऑर्डर = (१० − ६)/२ = २, म्हणजे डबल बाँड आणि दोन अनपेअर्ड इलेक्ट्रॉन दोन्ही एकत्र स्पष्ट होतात."

आकृती काढायला वेळ मिळाला तर पूर्ण काढू का?

मुळाकाठ
झालं, हेच. आता या उत्तरात भरतीचं एकही वाक्य नाही. आकृतीचं म्हणशील तर तीन मार्कांना पूर्ण काढू नकोस, 1s-2s सोड आणि फक्त 2p चा भाग काढ, मधल्या उभ्या ओळीत σ2pz, दोन π, दोन π*, आणि सगळ्यात वर रिकामं σ*2pz. दोन्ही π* एकाच उंचीवर काढ आणि दोन्हींतले बाण एकाच दिशेला. घाईत एक बाण वर आणि एक खाली काढलेला मी खूपदा पाहिलाय. ती अवस्था अस्तित्वात आहे, तिला सिंगलेट ऑक्सिजन म्हणतात, पण ती मोलमागे सुमारे ९४ किलोजूल वर असते आणि पॅरामॅग्नेटिझमचं उत्तर तिथे उलटं होतं.

पेठेतला_अभ्यासू
मॅग्नेटिक मोमेंटचा आकडा लिहिला तर एक्स्ट्रा इम्प्रेशन पडतं. √८ म्हणजे २.८३ बोर मॅग्नेटॉन.

मुळाकाठ
आकडा बरोबर आहे, दोन अनपेअर्डसाठी √(२×४), आणि मोजलेला आकडाही याच्या जवळच येतो. जागा उरली तर शेवटी लिहावा. त्यासाठी हुंडची ओळ मात्र कापू नये.

धायरी_फाटा
एक शेवटचं. आमच्या सरांच्या नोट्समध्ये बाँडची दिशा x घेतलीय, म्हणजे σ2px आणि π2py, π2pz. पुस्तकात z आहे. कुठलं लिहू?

मुळाकाठ
कुठलंही, अक्षाला नाव आपण देतो. फक्त x घेतलास तर अनपेअर्ड इलेक्ट्रॉन π*2py आणि π*2pz मध्ये दाखव, आणि कॉन्फिगरेशन, आकृती, वाक्य, तिन्हीकडे तेच ठेव. अर्धं पुस्तकातून आणि अर्धं नोट्समधून आलं की σ2pz आणि π2pz दोन्ही एकाच ओळीत येतात. तसं लिहिलेलं मला दिसलं की मी तिथेच लाल पेनाने गोल करायचे.

नीरा_कालवा
अरे बापरे, माझ्या जर्नलमध्ये नेमकं तसंच आहे. आत्ताच जाऊन बघते.